फोनवर ‘ज्ञ’ आणि ‘श्र’ टाइप करताना पडद्यामागे काय घडते, आणि ते तपासायचे कसे

फोनच्या संपर्कयादीत ‘ज्ञानश्री’ हे नाव स्पष्ट दिसत असते. शोधचौकटीत तेच नाव टाइप केले की यादी रिकामी येते. एखाद्या ऑनलाइन अर्जात नाव अगदी नीट भरलेले असते, तरी दुसऱ्या नोंदीशी ते जुळत नाही. स्वतःच्या फोनवर पाहावे तर दोन्हींकडे अक्षरे बरोबरच वाटतात. असे प्रकार बहुतेक वेळा जोडाक्षरांपाशी होतात, आणि त्यातही ‘ज्ञ’ आणि ‘श्र’ या दोघांपाशी जास्त. कारण ही दोन जोडाक्षरे ज्या अक्षरांपासून बनतात, ती त्यांच्या रूपात सहजी ओळखू येत नाहीत. ‘स्व’मध्ये स आणि व दिसतात, ‘ज्ञ’मध्ये ज शोधावा लागतो.

पडद्यावर दिसते ते अक्षर आणि फोनने साठवलेले अक्षर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांचा मेळ कसा बसतो हे कळले की बरोबर टाइप करणेही जमते आणि तपासणेही.

## फोन ‘ज्ञ’ साठवतोच कसा?

जगातल्या जवळपास सगळ्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला आणि चिन्हाला एक ठरावीक क्रमांक देणारी व्यवस्था म्हणजे युनिकोड. त्यात ज, ञ, श, र यांना आपापले क्रमांक आहेत. ‘ज्ञ’ला आणि ‘श्र’ला मात्र स्वतंत्र क्रमांक नाही. ही अक्षरे तीन क्रमांक एकापुढे एक ठेवून लिहिली जातात.

```
ज्ञ   U+091C (ज)   U+094D (्)   U+091E (ञ)
श्र   U+0936 (श)   U+094D (्)   U+0930 (र)
```

मधले चिन्ह म्हणजे हलन्त, आपण ज्याला ‘अक्षराचा पाय मोडणे’ म्हणतो ते. रेल्वेच्या दोन डब्यांमधल्या कडीसारखे त्याचे काम असते: ते नेहमी दोन व्यंजनांच्या मध्येच यायला हवे, आणि कोणता डबा पुढे व कोणता मागे हेही पक्के हवे.

फोनला हे तीन क्रमांक लागोपाठ मिळाले की फाँट त्यांच्या जागी एकच जोडलेली आकृती दाखवतो. म्हणजे जोडण्याचे काम फाँटचे असते, कीबोर्ड फक्त क्रमांक पुरवतो. फाँट बनवणारे ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ या दोघांची सोय ‘अखंड’ नावाच्या वेगळ्या नियमात करतात, कारण इथे घटक अक्षरांचे तुकडे शेजारी ठेवून भागत नाही, पूर्ण नवी आकृती द्यावी लागते.

क्रम उलटला तर अक्षरच बदलते. र, हलन्त, श असे दिले तर ‘र्श’ होते, ‘स्पर्श’मधले. श, हलन्त, र दिले तर ‘श्र’ होते, ‘श्रम’मधले. ञ आधी आणि ज नंतर दिला तर ‘ञ्ज’ येते, ज्याचा ‘ज्ञ’शी काहीच संबंध नाही. काही कीबोर्डांवर रफार (र्) आणि खालचा र (्र) यांच्या दोन वेगळ्या कळा शेजारी असतात. तिथे ‘श’नंतर चुकून रफाराची कळ दाबली गेली की तो रफार पुढच्या व्यंजनावर जाऊन बसतो आणि ‘श्रम’चा ‘शर्म’ होतो.

## कळा कोणत्या क्रमाने दाबायच्या?

देवनागरी कळांचा कीबोर्ड असेल तर ‘ज्ञ’साठी ज, मग हलन्त, मग ञ. हलन्ताची कळ बहुधा मात्रांच्या ओळीत असते. काही कीबोर्डांवर व्यंजन टाइप केल्याशिवाय मात्रांची ओळ दिसतच नाही, तिथे स्वर दिसत असतात. तेव्हा आधी ज दाबा आणि मग हलन्त शोधा. ‘ञ’ मुख्य पानावर सापडला नाही तर शिफ्ट दाबून दुसरे पान पाहा, किंवा ज ही कळ दाबून धरा, काही कीबोर्ड जवळची अक्षरे अशी आत ठेवतात.

‘ज्ञानश्री’ हे पूर्ण नाव घेऊ. त्याच्या कळा अशा पडतात:

```
ज  ्  ञ  ा  न  श  ्  र  ी
```

एकूण नऊ. हा आकडा लक्षात ठेवा, तपासताना तो कामी येणार आहे.

मात्रा कुठे द्यायची, यावर लोक अडखळतात. नियम एकच आहे: जोडाक्षर आधी पूर्ण करायचे आणि मात्रा शेवटी द्यायची. ‘श्री’मध्ये दीर्घ ईकार र नंतर येतो. ऱ्हस्व इकाराच्या बाबतीत डोळा फसवतो. ‘आश्रित’मध्ये इकार ‘श्र’च्या डावीकडे दिसतो, पण टाइप होतो तो र नंतरच: आ, श, हलन्त, र, ि, त. हाताने लिहायच्या सवयीने कोणी श नंतर लगेच इकार देतो आणि मग हलन्त शोधतो. त्यातून ‘आशि्रत’ असे काहीतरी तयार होते, हलन्त लोंबकळतो किंवा ठिपक्यांचे गोल वर्तुळ उमटते. ते वर्तुळ म्हणजे फोनने दिलेली खूणच आहे: या चिन्हाला बसायला व्यंजन मिळालेले नाही.

## तयार कळ असताना तीन कळा कशाला?

बऱ्याच मराठी कीबोर्डांवर क्ष, ज्ञ, त्र, श्र यांच्या सरळ कळा असतात. त्या वापरायला काहीच हरकत नाही. तशी कळ दाबली की कीबोर्ड आतून तेच तीन क्रमांक पाठवतो. तयार कळेने लिहिलेला ‘ज्ञ’ आणि तीन कळांनी लिहिलेला ‘ज्ञ’ यांत साठवणुकीच्या दृष्टीने फरक नसतो.

तरी तीन कळांची रीत माहीत असावी, कारण तयार कळ काही ठिकाणी अपुरी पडते. ‘तज्ज्ञ’ हा शब्द पाहा. हा ‘तत्’ आणि ‘ज्ञ’ यांचा संधी आहे, त्यामुळे त्यात ‘ज्ञ’च्या आधी आणखी एक अर्धा ज आहे. घाईत बहुतेक जण त, ज्ञ एवढेच दाबून ‘तज्ञ’ लिहून मोकळे होतात. बरोबर क्रम असा: त, ज, हलन्त आणि मग ‘ज्ञ’ची तयार कळ. ज नंतरचा हलन्त विसरला तर ‘तजज्ञ’ होते.

‘श्र’च्या तयार कळेने होणारी मोठी चूक वेगळी आहे, आणि ती छापील मजकुरातही दिसते.

## शृंगार, श्रुंगार की श्रृंगार?

बरोबर शब्द ‘शृंगार’. यात र हे व्यंजन नाही, ऋकाराची मात्रा आहे. कळा अशा: श, ृ, ं, ग, ा, र. हलन्ताचा इथे काहीही संबंध नाही.

गोंधळ होतो तो आकारामुळे. अनेक फाँटांत ‘शृ’ लिहिताना श नेहमीचा राहत नाही, तो ‘श्र’च्या वरच्या भागासारखा दिसतो आणि त्याखाली ऋकार बसतो. वाचणाऱ्याला वाटते, हा ‘श्र’ आहे आणि त्याला खाली ऋकार दिला आहे. मग तो कीबोर्डवरची ‘श्र’ची तयार कळ दाबतो आणि पुढे ृ देतो. तयार होते ‘श्रृ’, ज्यात र दोनदा आला: एकदा व्यंजन म्हणून, एकदा ऋकारात. काही फाँटांत ‘शृ’ आणि ‘श्रृ’ इतके जवळ दिसतात की लहान पडद्यावर फरक कळतच नाही. फोनच्या दृष्टीने मात्र एकात दोन क्रमांक आहेत आणि दुसऱ्यात चार.

उलट बाजूने ‘श्रुती’ आणि ‘अश्रू’ या शब्दांत खरोखरच श्+र आहे आणि त्याला उकार लागतो. तिथे ‘शृती’ लिहिणे चूक. खात्री नसेल तर शब्दकोशात मूळ शब्द पाहावा. शृंग, शृंखला, शृंगार, शृगाल हे ऋकाराचे. श्रुती, श्रुतलेखन, अश्रू हे उकाराचे. फोनवर नेहमी लागणारे शब्द एवढेच आहेत, ते पाठ करायला जड नाहीत.

## मी रोमन अक्षरांतून टाइप करतो, मला काय फरक पडतो?

रोमन अक्षरांत लिहून मराठी मिळवण्याच्या सोयी दोन तऱ्हेच्या असतात, आणि त्यांच्या चुका वेगळ्या असतात.

पहिल्या तऱ्हेत पक्के नियम असतात: अमुक रोमन अक्षरे दिली की अमुक देवनागरी. मराठीत आपण ‘ज्ञ’चा उच्चार ‘द्न्य’ असा करतो, म्हणून हात आपोआप `dnya` टाइप करतो. ज्या सोयीत `dny` म्हणजे ‘ज्ञ’ असा नियम घातलेला आहे तिथे ‘ज्ञ’ मिळतो. ज्यात तो नाही तिथे ती सोय प्रामाणिकपणे द, हलन्त, न, हलन्त, य अशी अक्षरे मांडते आणि ‘द्न्य’ देते. उच्चार बरोबर, लेखन चूक. अशा वेळी त्या सोयीच्या मदतपानावर ‘ज्ञ’साठी नेमकी कोणती रोमन अक्षरे दिली आहेत ते एकदा पाहून घ्यावे.

दुसऱ्या तऱ्हेत कीबोर्ड अंदाज बांधतो आणि वरच्या पट्टीत तीन-चार शब्द सुचवतो. इथे `dnyan` लिहिल्यावर ‘ज्ञान’ येण्याची शक्यता चांगली असते, कारण तो शब्द त्याच्या कोशात असतो. अडचण येते ती नावांची आणि कमी वापरातल्या शब्दांची. `shri` लिहिल्यावर श्री, श्रि आणि शृ हे तिन्ही पर्याय शक्य असतात, आणि स्पेस दाबली की पहिला पर्याय बसतो, तुम्हाला हवा असलेला असो वा नसो. म्हणून जोडाक्षर असलेल्या शब्दानंतर स्पेस दाबण्याऐवजी पट्टीतला शब्द वाचून त्यावर बोट ठेवावे.

एकदा चुकीचा शब्द निवडला गेला की कीबोर्ड तो लक्षात ठेवू शकतो आणि पुढच्या वेळी तोच आधी पुढे करतो. बऱ्याच कीबोर्डांत सुचवलेला शब्द दाबून धरला की तो काढून टाकण्याचा पर्याय येतो. चुकीचे ‘द्न्यान’ एकदा तिथून काढले की पुढचा त्रास वाचतो.

## दिसते तर बरोबर. मग तपासायचे काय?

‘ज्ञ’ आणि ‘श्र’ची पहिली तपासणी डोळ्यांनीच होते, फक्त अक्षर मोठे करून पाहावे. ‘द्न्य’मध्ये पाय मोडलेला द वेगळा दिसतो. अर्धा ज आणि शेजारी पूर्ण ञ असे दिसत असेल तर दोघांच्या मध्ये एक अदृश्य चिन्ह घुसले आहे असे समजावे.

ही अदृश्य चिन्हे दोन आहेत. एक जोडाक्षराऐवजी अर्धे अक्षर दाखवायला सांगते (U+200D), दुसरे हलन्त उघडा दाखवायला सांगते (U+200C). व्याकरणाच्या पुस्तकात ‘ज्ञ’मधले ज आणि ञ सुटे दाखवायला ती उपयोगी आहेत. आपल्या मजकुरात ती येतात ती सहसा दुसरीकडून उचललेल्या मजकुरातून, जुन्या फाँटमधून बदलून घेतलेल्या फाइलींतून किंवा काही कीबोर्डांतून. ‘ज्ञ’ आणि ‘श्र’ यांच्या पोटात ती शिरली तर आकार बिघडतो आणि चोरी पकडली जाते. ‘न्य’, ‘स्व’ अशा अक्षरांत न आणि स एरवीही अर्धेच दिसतात, त्यामुळे U+200D आत असले तरी आकार तसाच राहतो. नावाच्या अगदी शेवटी असे चिन्ह चिकटले असेल तर तेही दिसत नाही. म्हणून डोळ्यांपलीकडची तपासणी लागते.

सर्वांत सोपी तपासणी म्हणजे एक-एक करून खोडणे. फोनच्या टिपणवहीत तो शब्द चिकटवा, कर्सर शेवटी ठेवा आणि खोडायची कळ एकदा-एकदा दाबा, दाबून धरू नका. बहुतेक फोनवर देवनागरीत एका दाबाला एकच क्रमांक जातो. ‘ज्ञानश्री’ असा उलगडतो:

```
ज्ञानश्री → ज्ञानश्र → ज्ञानश् → ज्ञानश → ज्ञान
→ ज्ञा → ज्ञ → ज् → ज → (रिकामे)
```

मोजा: नऊ दाब, टाइप करताना लागलेल्या कळांइतकेच. आत ‘द्न्य’ असते तर अकरा लागले असते. एखाद्या दाबाला पडद्यावर काहीच बदलले नाही तर तिथे अदृश्य चिन्ह होते. ‘श्र’च्या जागी ‘शृ’ असेल तर मधला ‘श्’ दिसतच नाही, सरळ ‘श’ उरतो. सुचवलेला शब्द नुकताच निवडला असेल तर काही कीबोर्ड पहिल्या दाबाला तो पूर्ण शब्दच मागे घेतात, म्हणून आधी दुसरीकडे बोट लावून मग परत यावे.

दुसरी तपासणी अधिक पक्की आहे आणि तिला वेगळे अ‍ॅप लागत नाही. संशय असलेला शब्द कॉपी करून ब्राउझरच्या शोधचौकटीत चिकटवा आणि शोधा. मग वरचा पत्ता कॉपी करून टिपणवहीत उतरवा. बहुतेक ब्राउझर पत्ता कॉपी करताना देवनागरी अक्षरांच्या जागी टक्क्याची चिन्हे असलेले संकेत देतात. त्यात हे तुकडे शोधा:

```
ज्ञ   %E0%A4%9C%E0%A5%8D%E0%A4%9E
श्र   %E0%A4%B6%E0%A5%8D%E0%A4%B0
```

प्रत्येक देवनागरी क्रमांकाला असे तीन जोड मिळतात, आणि मधला `%E0%A5%8D` म्हणजे हलन्त. `%E2%80%8D` किंवा `%E2%80%8C` दिसले तर वर सांगितलेली अदृश्य चिन्हे आत आहेत. `%E0%A4%A6` हा द आहे. तो ‘ज्ञानश्री’त सापडला तर ‘ज्ञ’च्या जागी ‘द्न्य’ बसले आहे. खासगी माहिती मात्र अशी शोधायला टाकू नये, फक्त संशयाचा शब्द टाकावा.

शब्द शोधून पाहणे हीसुद्धा तपासणी आहे, पण तिची एक मर्यादा आहे. शोधचौकटीतही तुम्ही त्याच चुकीच्या पद्धतीने टाइप केले तर चूक चुकीला सापडेल आणि सगळे ठीक वाटेल. शोधायचा शब्द खात्रीच्या ठिकाणाहून, म्हणजे वरच्या क्रमाने स्वतः नव्याने टाइप करून, घ्यायला हवा. शिवाय काही अ‍ॅप शोधताना अदृश्य चिन्हांकडे दुर्लक्ष करतात आणि काही करत नाहीत, त्यामुळे एका अ‍ॅपमध्ये सापडले म्हणून दुसरीकडे सापडेलच असे नाही.

## माझ्याकडे नीट, समोरच्याकडे तुटलेले

क्रमांक बरोबर असूनही दुसऱ्याच्या फोनवर ‘ज्ञ’ हा ‘ज’ आणि ‘ञ’ असा हलन्तासह सुटा दिसू शकतो. त्याच्याकडचा फाँट किंवा ते अ‍ॅप जोडणी करत नसेल तर असे होते. चित्रे आणि व्हिडिओ बनवणाऱ्या काही अ‍ॅपमध्ये हे विशेष दिसते. तेच अक्षर तिथून कॉपी करून संदेशात चिकटवा. तिथे ते नीट जुळले तर मजकूर निर्दोष आहे, फाँट बदलायला हवा. अशा वेळी मजकुरात अदृश्य चिन्हे घालून किंवा अक्षरे बदलून आकार जुळवू नये. एका अ‍ॅपपुरते ते बरे दिसेल, पण मूळ शब्द कायमचा बिघडेल.

बिघडलेला शब्द दुरुस्त करताना कर्सर जोडाक्षराच्या मधोमध नेण्याचा प्रयत्न करू नये, तो सहसा जातच नाही. कर्सर जोडाक्षराच्या लगेच नंतर ठेवून मागे खोडत जावे आणि ते जोडाक्षर पूर्ण पुन्हा टाइप करावे.

## एक अक्षर, पण मोजणी तीन?

देवनागरीतला एसएमएस एका संदेशात ७० चिन्हांपुरता असतो, आणि तिथे ‘ज्ञ’ एक नव्हे, तीन मोजला जातो. ‘ज्ञानश्री’ हे नाव त्यातली नऊ जागा घेते, वाचताना अक्षरे तीनच असली तरी. डोळ्याला दिसणारी एकके मोजण्याचे युनिकोडचे नियमही २०२३मध्ये आलेल्या १५.१ या आवृत्तीपर्यंत ‘ज्ञ’ला दोन एकके धरत होते. तेव्हापासून ते एक धरतात, पण जुन्या अ‍ॅपमध्ये जुनीच मोजणी चालू असते. म्हणून एकाच नावाची लांबी वेगवेगळ्या ठिकाणी वेगळी दिसते.

अर्जातल्या चौकटीला चिन्हांची मर्यादा असेल तर ती जोडाक्षराच्या मध्येच संपू शकते. ‘ज्ञानश्री’ सात चिन्हांवर तुटले तर ‘ज्ञानश्’ उरते. पाठवण्याआधी चौकटीतल्या नावाचे शेवटचे अक्षर पाहावे. तिथे अनपेक्षित लोंबता हलन्त दिसला तर टाइप करण्यात चूक झालेली नसते, चौकट पुरलेली नसते, आणि नाव दुसऱ्या चौकटीत विभागून किंवा अर्ज घेणाऱ्यांना विचारूनच पुढे जावे लागते.